‘नकाशा पाठवलाय, कसा वाटतो?’ – उत्तर काय द्यायचं?



घरकुल मंजूर झालं किंवा गटातून घरासाठी कर्ज घ्यायचं ठरलं, की पहिली गोष्ट होते ती म्हणजे वहीच्या पानावर घराचा नकाशा. कधी ताई स्वतः काढते, कधी तिचा मुलगा, कधी गवंडी. मग त्या पानाचा फोटो गटातल्या मैत्रिणीला, सीआरपी ताईला नाहीतर माझ्यासारख्या समन्वयकाला येतो, आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं : “कसा वाटतो?”

आपण बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर देतो. एकतर “छान आहे ताई” आणि अंगठा. नाहीतर “किचन लहान वाटतंय”, “आमच्याकडं असं नाही केलं”, “बेडरूम मोठी घ्या”. पहिल्या उत्तराने तिला काहीच मिळत नाही. दुसऱ्याने ती गोंधळते, कारण पाच जणी पाच गोष्टी सांगतात आणि त्यातली कुठली महत्त्वाची हे कुणीच सांगत नाही.

प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण यामध्ये आपल्या भागासाठी मूळ मदत १ लाख २० हजार रुपये आहे आणि ती काम जसं पुढं जाईल तशी हप्त्याने मिळते. बाकीचा खर्च घरचा, म्हणजे बचत, ऊस-दुधाचे पैसे आणि गटाचं कर्ज. एकदा जोतं झालं की भिंत सरकवायची म्हणजे झालेलं काम फोडायचं आणि त्याला कुठलाच हप्ता नसतो. पेन्सिलने काढलेली रेघ मात्र फुकटात पुसता येते. म्हणून नकाशा कागदावर आहे तोवर दिलेलं उत्तरच खरं उपयोगाचं. ते कसं द्यायचं हे एक नमुना नकाशा घेऊन पाहू. वडगाव निंबाळकर परिसरात येणाऱ्या अशा बऱ्याच नकाशांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं.

नमुन्याचा नकाशा

घर पूर्वेकडं तोंड करून आहे, समोर रस्ता. बाहेरून लांबी (पूर्व-पश्चिम) २४ फूट, रुंदी (उत्तर-दक्षिण) १८ फूट. पुढं पूर्ण रुंदीचा हॉल, त्यावर लिहिलंय १२ × १८. मागं दोन खोल्या : उत्तरेच्या बाजूला स्वयंपाकघर ८ × १२ आणि दक्षिणेच्या बाजूला झोपायची खोली १० × १२. स्वयंपाकघराला पश्चिमेकडं खिडकी, तिच्याखाली ओटा, आणि शेजारी मागचं दार. त्या दारातून बाहेर पडलं की मागच्या अंगणात संडास आणि न्हाणी. एवढंच. खाली लिहिलंय, “कसा वाटतो, सांगा.”

आधी उत्तर नाही, आधी प्रश्न

हा नकाशा चांगला की वाईट हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. कारण घरात कोण राहणार हे कागदावर नाही. नकाशा दिसायला तोच असला तरी नवरा-बायको आणि लहान मूल यांना तो चालेल, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना चालणार नाही. म्हणून उत्तर टाइप करायच्या आधी ताईला फोन करायचा आणि पाच गोष्टी विचारायच्या.

पहिली : खोदाई झाली का? पाया भरला का? का अजून सगळं कागदावरच आहे? ह्याच्यावर आपण काय बोलायचं आणि काय गिळायचं ते ठरतं.

दुसरी : घरात कोण कोण आहे, कोण कुठं झोपणार, कुणाला चालायला त्रास आहे, मुली किती मोठ्या आहेत?

तिसरी : जागा केवढी आहे आणि घर त्यात कुठं बसतंय? शेजाऱ्याची भिंत कुठं, बोअर किंवा आड कुठं, गटार कुठून जातं, जनावरं कुठं बांधता? हातानं काढलेल्या नकाशात घर असतं पण जागा नसते, आणि निम्म्या चुका त्या न काढलेल्या जागेतच असतात.

चौथी : स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? दोन्ही असेल तर चूल कुठं?

पाचवी : ह्यातलं काय बदलायचंच नाही? देवघर ईशान्येलाच हवं, दार पूर्वेलाच हवं, असं घरात ठरलेलं असेल तर ते आधीच कळू दे. त्यावर वाद घालण्यात आपला काही फायदा नाही. ते धरूनच बाकीचं बघायचं.

आपल्या नमुन्यातली ताई सांगते : खोदाई अजून नाही. घरात ती, नवरा, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंची कॉट हॉलमध्ये, त्यांना गुडघ्याचा त्रास, रात्री दोनदा उठावं लागतं. जागा ४० फूट लांब (पूर्व-पश्चिम) आणि ३० फूट रुंद. घराच्या पुढं ६ फूट, मागं १० फूट, उत्तरेला ४ फूट आणि दक्षिणेला ८ फूट मोकळं राहतंय. बोअर मागच्या अंगणात, वायव्येच्या कोपऱ्यात आहे. स्वयंपाक गॅसवर, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, ती मागच्या पडवीत. देवघर ईशान्येला हवंच.

आता बघा, ह्या पाच उत्तरांनी नकाशाचं अर्ध चित्र बदललं. बोअर आणि संडास एकाच कोपऱ्यात आलेत हे कागदावर दिसतच नव्हतं.

भिंतीची जाडी कुणी धरली?

फोन झाला की नकाशा स्वतः पुन्हा काढायचा. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्यायची आणि एक चौकट म्हणजे एक फूट धरायचं. हातानं काढलेल्या चित्रात आठ फुटाची खोली आणि दहा फुटाची खोली सारखीच दिसते. चौकटीत काढली की फसवत नाही.

पुन्हा काढायला बसलं की एक गोष्ट लगेच सापडते. ताईने लिहिलंय हॉल १२ आणि मागची खोली १२, मिळून २४. रुंदीत स्वयंपाकघर ८ आणि झोपायची खोली १०, मिळून १८. बेरीज बरोबर आहे, पण भिंती कुठं गेल्या?

लांबीत तीन भिंती येतात : पुढची, मधली आणि मागची. प्रत्येक नऊ इंची धरली तर २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट. २४ मधून ते गेले, उरले २१ फूट ९ इंच. हॉल १२ चाच ठेवला तर मागच्या खोल्या १२ नाही, ९ फूट ९ इंचाच्या होतात.

रुंदीत मागच्या बाजूला दोन बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि मधली साडेचार इंची, एकूण साडेबावीस इंच. १८ फुटातून ते वजा केले की उरतात १६ फूट दीड इंच. झोपायची खोली १० ची ठेवली तर स्वयंपाकघर ८ ऐवजी ६ फूट दीड इंचाचं होतं. त्यात दोन फुटाचा ओटा पूर्ण लांबीने त्या बाजूला आला तर उभं राहायला चार फूट. प्लास्टरची जाडी अजून धरलेलीच नाही.

सगळं मिळून बघा. कागदावर लिहिलेल्या खोल्यांची बेरीज ४३२ चौरस फूट आहे. प्रत्यक्ष आत वापरायला मिळतात साधारण ३५५. मधले ७७ चौरस फूट भिंतींनी खाल्ले, म्हणजे आठ बाय साडेनऊची एक अख्खी खोली. योजनेत घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट हवं असतं, तेवढं तर होतंय. प्रश्न नियमाचा नाही. ताईने मनात धरलेलं कपाट आणि कॉट त्यात बसणार का, हा प्रश्न आहे.

हे सांगताना “तुमचं गणित चुकलंय” असं म्हणायचं नाही. तिच्यापुढं दोन रस्ते मोजून ठेवायचे. एक, लिहिलेली मापं आतून हवीच असतील तर घर बाहेरून २६ फूट ३ इंच बाय १९ फूट साडेदहा इंच होईल. म्हणजे जवळजवळ ९० चौरस फूट बांधकाम वाढेल. तुमचा मिस्त्री चौरस फुटाला काय दर सांगतोय त्याने ते गुणा आणि कर्जाच्या आकड्याशी ताडून बघा. दोन, बाहेरचं माप २४ × १८ च ठेवायचं आणि आतली मापं खरी लिहायची : हॉल १२ × साडेसोळा, स्वयंपाकघर ७ × पावणेदहा, झोपायची खोली साधारण ९ × पावणेदहा. कुठला रस्ता घ्यायचा ते तीच ठरवेल. कर्ज तिला फेडायचंय.

नकाशात एक दिवस राहून बघा

आता बोट कागदावर ठेवायचं आणि घरातल्या एकेका माणसाचा दिवस चालवायचा. पहाटेपासून रात्रीपर्यंत. खोली मोठी की लहान यापेक्षा जास्त गोष्टी ह्यात कळतात.

रात्री दोन वाजता सासूबाई उठतात. हॉलमधून निघाल्या, मधलं दार, स्वयंपाकघर, मागचं दार, आणि मग पायऱ्या. जोतं दोन फूट उंच असेल तर सहा इंचाच्या चार पायऱ्या अंधारात उतरायच्या, आणि परत चढायच्या. पावसाळ्यात ओल्या. हे रोज रात्री दोनदा.

दुपारी पाहुणे आले. त्यांना हातपाय धुवायला किंवा संडासला जायचं तर तुमच्या स्वयंपाकघरातूनच जावं लागणार, भाकरी चालू असली तरी. मुलगी न्हाणीतून बाहेर येणार तीही स्वयंपाकघरातूनच.

आणि संडासाचं पाणी? आपल्याकडं दोन शोषखड्ड्यांचं शौचालय सांगितलं जातं, ते चांगलंही आहे. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा, आणि बंद केलेल्या खड्ड्यात पुढं खत होतं. पण त्या खड्ड्यांच्या तळातून आणि बाजूंनी पाणी जमिनीत मुरतं, मुरण्यासाठीच ते असतात. म्हणून पिण्याच्या पाण्यापासून ते निदान ३० ते ३५ फूट लांब हवेत, आणि कॅनॉलच्या पाण्याने जमिनीत पाणी वर असेल तिथं आणखी लांब. आपल्या नमुन्यात संडास स्वयंपाकघराच्या मागं, बोअर त्याच कोपऱ्यात. मधलं अंतर दहा-बारा फूट. पाणी दिसायला स्वच्छच राहील. गढूळपणा किंवा वास येईलच असं नाही, त्यामुळं बिघाड लवकर कळणार नाही. लेकरांना वारंवार जुलाब होऊ लागले की मग शोधाशोध.

तेव्हा संडास-न्हाणीची जागा बदलायला हवी. कुठं? जागेचा नकाशा विचारला होता तो इथं कामाला येतो. दक्षिणेला ८ फूट मोकळे आहेत. तिथं हॉलच्या बाजूला, कुंपणाला लागून चार फूट रुंदीची संडास-न्हाणी बसते, आणि घर आणि तिच्यामध्ये चार फुटाची वाट राहते. हॉलच्या दक्षिण भिंतीला, मागच्या टोकाला एक दार काढायचं. मग सासूबाई कॉटवरून उठल्या की हॉलच्या दारातून थेट तिथं. पाहुण्यांनाही स्वयंपाकघरात यायला नको. मधल्या चार फुटावर जोत्याच्याच उंचीचा ओटा केला आणि संडासाची फरशीही त्याच उंचीला ठेवली तर पायऱ्या उतरायचा प्रश्नच राहत नाही. उलट फरशी उंच असली की पाइपला खड्ड्याकडं चांगला उतारही मिळतो. भिंतीला एक आडवा पाइप धरायला लावला की झालं.

खड्डे मग त्याच दक्षिणेच्या पट्ट्यात, पुढच्या आग्नेय कोपऱ्याकडं घेता येतील. वायव्येच्या बोअरपासून तिथलं अंतर ३५ फुटाच्या पुढं जातं. दोन खड्ड्यांमध्ये निदान एका मीटरचं, म्हणजे सव्वातीन फुटाचं अंतर हवं, आणि जोत्यापासूनही ते बाजूला हवेत. शेजाऱ्यांची बोअर किंवा आड त्या कुंपणापलीकडं जवळच नाही ना, हे मात्र जाऊन बघायला सांगायचं. आपलं पाणी वाचवून त्यांचं खराब करायचं नाही.

ओट्यासमोरची खिडकी

आता स्वयंपाकघरात उभं राहू. ओटा पश्चिमेच्या भिंतीला, खिडकी समोर. चित्रात छान दिसतं. पण एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होतो तेव्हा ऊन कुठून येतं ते आठवा. आपल्याकडं मेच्या मध्याला दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळं दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत ऊन फारसं लागतच नाही. तापतं ते छत आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. त्या भिंतीला तोंड करून, गॅस पेटवून ताई उभी. आणि पावसाळ्यात वारा-पाऊस पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे खिडकी उघडी ठेवता येत नाही, आणि उघडली तर गॅसची ज्योत हलते.

इथं काही तोडायचं नाही की वाढवायचं नाही. स्वयंपाकघर वायव्येच्या कोपऱ्यात आहे म्हणजे त्याला उत्तरेची बाहेरची भिंतही आहे. खिडकी आणि ओटा तिकडं फिरवायचे. उत्तरेकडून उजेड दिवसभर सारखा मिळतो आणि ऊन जवळजवळ येत नाही, मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळी थोडं तिरकं येईल तेवढंच. ७ फुटाच्या स्वयंपाकघरात दोन फूट ओटा गेला तरी पाच फूट रुंद आणि पावणेदहा फूट लांब जमीन राहते. दोघीजणी पाठीला पाठ न लावता काम करू शकतात.

मागच्या पडवीतली चूल राहिली. ती मागच्या दाराच्या बरोबर समोर मांडली तर पश्चिमेचा वारा सगळा धूर घरात ढकलणार. मागचं दार भिंतीच्या दक्षिण टोकाला आणि चूल उत्तर टोकाला, पश्चिमेकडून आडोसा. शिवाय उत्तरेच्या भिंतीत छताजवळ एक झरोका ठेवायला सांगायचं, कारण गरम धूर वर जातो आणि बहुतेक खिडक्यांचं वरचं टोक सात फुटाला संपतं. त्याच्यावर साठलेला धूर खिडकीतून जात नाही.

काय सांगायचं नाही

नकाशा नीट बघितला की दहा-बारा गोष्टी दिसतात. त्या सगळ्या पाठवल्या तर ताईला कळणार नाही की कशासाठी थांबायचं आणि काय सोडून द्यायचं. म्हणून तीनच सांगायच्या, आणि त्याही नंतर बदलायला जी सगळ्यात अवघड ती आधी. आपल्या नमुन्यात क्रम असा : पहिलं संडास आणि बोअर, दुसरं भिंतीची जाडी, तिसरं ओट्याची खिडकी.

मुख्य दार पूर्वेच्या भिंतीच्या अगदी मध्ये आहे, त्यामुळं हॉलमधून सगळीकडं जाणारी वाट तिरकी पडते आणि कॉट लावायला सलग कोपरा कमी मिळतो. दार दक्षिण टोकाला घेतलं तर वाट भिंतीकडेने जाईल आणि ईशान्येचा कोपरा देवघराला आणि कॉटला निवांत राहील. हे खरंय, पण बऱ्याच घरांत दार मध्येच हवं असतं. ताईने विचारलं तर सांगायचं, नाहीतर सोडून द्यायचं. रंग, फरशी, टीव्हीची भिंत ह्यावर तर बोलूच नये.

दुसरी न बोलायची गोष्ट म्हणजे आपल्याला न कळणारी. पाया किती खोल, लोखंड किती, कॉलम कुठं, स्लॅब की पत्रा पेलेल की नाही, हे आपलं काम नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं तिथल्या पायाचं वेगळं बघावं लागतं. अशा वेळी एकच वाक्य लिहायचं : “हे पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्यांना खोदाईच्या आधी दाखवा.” अंदाजाने बोललेलं वाक्य गवंड्यापर्यंत “मॅडमनी सांगितलंय” म्हणून जातं.

पाठवायचं उत्तर

आता एवढं सगळं बघून उत्तर मात्र छोटंच लिहायचं. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात : कुठं, का, आणि एक पर्याय. आणि जे चांगलं आहे ते नाव घेऊन सांगायचं, म्हणजे बदलाच्या नादात ती तेच खोडून टाकणार नाही. असं काहीतरी :

“ताई, नकाशा चौकटीच्या वहीत काढून बघितला. स्वयंपाकघर मागं कोपऱ्यात घेतलंय ते चांगलं आहे, दोन बाहेरच्या भिंती मिळतात, ते बदलू नका. तीन गोष्टी बघा. एक, संडासाचे खड्डे बोअरपासून दहा-बारा फुटावर येतात, पाणी खराब होऊ शकतं. आणि आत्यांना रात्री स्वयंपाकघरातून जाऊन चार पायऱ्या उतराव्या लागतील. दक्षिणेच्या आठ फुटात, हॉलला दार काढून बसतं का बघा. खोदाईच्या आधी हे ठरवाच. दोन, मापात भिंती धरलेल्या नाहीत, त्यामुळं मागच्या खोल्या १२ नाही, पावणेदहा फुटाच्या होतील. चालत असेल तर ठीक, नाहीतर मिस्त्रीला वाढीव खर्च विचारा. तीन, ओटा उत्तरेला फिरवला तर संध्याकाळचं ऊन तोंडावर येणार नाही. पायाचं अभियंत्यांना विचारा. बाकी तुमच्या सोयीनं. रविवारी फक्की मारून बघूया का?”

ह्यात “मला आवडलं नाही” असं एकदाही नाही, कारण घर आपलं नाही. योजनेतलं घर सहसा बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. तेव्हा हे उत्तर ताईच्याच फोनवर पाठवायचं, फक्त तिच्या मालकांना किंवा मुलाला नाही.

फक्की मारून बघणं

कागदावर कितीही समजावलं तरी पावणेदहा फूट म्हणजे केवढं हे डोळ्यांना कळत नाही. जागेवर जायचं. टेप, सुतळी, चार खुंट्या आणि फक्की एवढं पुरे. बाहेरचा चौकोन २४ × १८ आखला की दोन्ही तिरकी मापं घ्यायची. कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही बरोबर ३० फूट भरतात. एक ३१ आणि दुसरं २९ आलं तर चौकोन तिरका झालाय, खुंट्या सरकवा.

मग आतल्या भिंती फक्कीच्या दोन रेघांनी मारायच्या, मधल्या भिंतीला नऊ इंच आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीला साडेचार इंच अंतर ठेवून, म्हणजे जाडी दिसते. घरातली खरी कॉट उचलून आणायची आणि त्या जागी ठेवायची. सासूबाईंना कॉटवर बसवून संडासापर्यंत चालायला सांगायचं. ताईने ओट्याच्या जागी उभं राहून मागं वळून बघायचं. तासाभरात ज्या गोष्टीवर फोनवर आठवडाभर वाद झाला असता ती मिटते. खोली लहान वाटते की पुरते हे आपण सांगायची गरजच राहत नाही, घरातलेच सांगतात. एक मात्र लक्षात असू द्या : उघड्या रानात आखलेली खोली भिंती उभ्या राहिल्यावर वाटते त्यापेक्षा लहानच दिसते. म्हणून लगेच घाबरून मापं वाढवायची नाहीत, कॉट आणि कपाट ठेवून चालायला जागा किती राहते ते टेपने मोजायचं.

काम पुढं गेलं असेल तर

शेवटी पहिल्या प्रश्नाकडं. ताई म्हणाली, “जोतं झालंय, आता सांगा,” तर उत्तर बदलतं. भिंतींच्या जागा ठरून गेल्या, त्यावर बोलून तिला फक्त रात्रीची झोप लागणार नाही. पण दारं आणि खिडक्या अजून सरकतात, बाहेरची संडास-न्हाणी बहुतेक वेळा अजून बांधायची असते, आणि कुठल्या खोलीला काय म्हणायचं हेही बदलता येतं.

भिंती लिंटेलपर्यंत आल्या असतील तर खिडक्यांचाही विषय संपला. तेव्हा ओटा कुठल्या भिंतीला, दाराची झडप कुठल्या बाजूला उघडणार, छताजवळचा झरोका, पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा, पडवीतली चूल कुठं, एवढंच बोलायचं. छत पडलं असेल तर कॉट कुठं ठेवायची आणि आत्यांसाठी भिंतीला पाइप कुठं लावायचा हे सांगा.

बोअर आणि शोषखड्डा मात्र ह्याला अपवाद. खड्डा जवळ खणून झाला असला तरी ते सांगायचंच, आणि पाणी पिण्यासाठी दुसरीकडून भरायला किंवा उकळून घ्यायला सांगायचं. ग्रामपंचायतीकडून बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेता येते. तिथं गावच्या पाण्याची तपासणी करायला किट दिलेली असते, आणि गावात ती वापरायला शिकलेल्या बायकाही असतात. कदाचित तुमच्याच गटात एखादी असेल.